टिप्परचं लायसन काढायचंय? आधी कार्डावर LMVची तारीख बघा

वणीकडच्या कोळसा पट्ट्यात पोरगं वीस वर्षांचं झालं की त्याला टिप्पर चालवायचा असतो. पऱ्हाटीच्या पैशावर घर चालत नाही, त्यामुळे त्यात चुकीचं काही नाही. मीही त्याच वाटेनं आलो. पण लायसनात वर्ग वाढवताना एका तारखेनं माझं जवळपास वर्ष खाल्लं.

माझ्याकडे गिअरवाल्या मोटारसायकलचं लायसन जुनं होतं. मग हलकं वाहन, म्हणजे LMV, त्यात वाढवून घेतलं. टिप्परला ट्रान्सपोर्टचा वर्ग लागतो. काही महिन्यांनी एजंट म्हणाला, "भाऊ, तुझं लायसन तर लई जुनं हाय, ट्रान्सपोर्ट आरामात होते." पैसे घेतले, अर्ज भरला, आणि तो पुढे सरकलाच नाही. कारण कायदा लायसनाचं एकूण वय पाहत नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 7 प्रमाणे ट्रान्सपोर्टचं शिकाऊ लायसन मिळायला हातात हलक्या वाहनाचं पक्कं लायसन किमान एक वर्ष असावं लागतं. हे वर्ष मोटारसायकलच्या तारखेपासून मोजत नाहीत, आणि LMVच्या शिकाऊ लायसनापासूनही नाही. LMVची ड्रायव्हिंग टेस्ट पास होऊन तो वर्ग पक्क्या लायसनावर चढला, त्या दिवसापासून मोजतात. कार्डाच्या मागच्या बाजूला प्रत्येक वर्गापुढे त्याची स्वतःची तारीख छापलेली असते. तीच बघा.

हिशोब करून दाखवतो. समजा MCWG, म्हणजे गिअरवाल्या मोटारसायकलचं लायसन, 2021 मध्ये मिळालं. LMVचं शिकाऊ लायसन जानेवारी 2024 मध्ये काढलं. शिकाऊ मिळाल्यावर 30 दिवस झाल्याशिवाय टेस्ट देता येत नाही आणि त्याची मुदत सहा महिने असते. टेस्ट 12 मार्च 2024 ला पास झाली आणि त्याच तारखेनं वर्ग चढला, तर ट्रान्सपोर्टच्या शिकाऊ लायसनाचा अर्ज मार्च 2025 च्या मध्यापर्यंत भरूच नका. 2021 चा इथं काही उपयोग नाही. वय 20 पूर्ण हवं, ते वेगळंच. म्हणून अठरा झालं की मोटारसायकलसोबतच LMV काढून ठेवा, घरी चारचाकी नसली तरी. माझा हा हट्ट समजा.

आता थोडं घाबरणं कमी करा. काकाच्या पिकअपमध्ये कापूस जिनिंगला किंवा संत्री मंडीत न्यायची असतील तर ट्रान्सपोर्टची गरजच नाही. गाडीचं मालासकट वजन 7500 किलोपर्यंत असेल तर LMVवर चालते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर 2024 मध्ये हे पक्कं केलं. आरसीवर मालासकट वजनाचा आकडा असतो, तो बघितला की झालं. कुणी पिकअपसाठी ट्रान्सपोर्टचे पैसे मागितले तर सरळ उठून या.

टिप्पर मात्र LMVवर अजिबात नाही. "रात्रीच चालवतो, कोण पायते" म्हणणारे उस्ताद स्वतःच्या जिवावर बोलत नाहीत, तुमच्या जिवावर बोलतात. अपघात झाला तर विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करू शकते, आणि मालक मग तुम्हाला पकडतो.

अर्ज सारथी पोर्टलवर. शिकाऊ लायसन भरताना तुमच्याकडे ड्रायव्हिंग लायसन आहे हा पर्याय निवडा आणि जुना नंबर टाका. कॅफेवाला घाईत 'नवीन' म्हणून भरतो, मग दुसरा नंबर निघायची वेळ येते, आणि एका माणसाकडे दोन लायसनं चालत नाहीत. 30 दिवसांनंतर पक्क्या लायसनासाठी AEDL, म्हणजे वर्ग वाढवण्याचा अर्ज. नियमातली फी शिकाऊला 150, टेस्टला 300, वर्ग वाढवायला 500. स्मार्ट कार्ड आणि पोस्टाचे पैसे वेगळे. एजंट सांगतो तो आकडा याच्याशी लावून पाहा.

ट्रान्सपोर्टला दोन कागद जास्तीचे लागतात: डॉक्टरच्या तपासणीचं फॉर्म 1A आणि मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकल्याचं फॉर्म 5. फॉर्म 5 विकत मिळतो असं कानावर येईल. घेऊ नका, रिव्हर्समध्ये टिप्परच्या आरशात चाक दिसत नाही तेव्हा कागद वाचवत नाही. खरंच गाडीवर हात बसवणारा, जुना, शिव्या देणारा ड्रायव्हर मिळाला तर त्याच्याकडे शिका. टेस्टला नेलेल्या गाडीचा विमा, फिटनेस, पीयूसी चालू आहे का हे आदल्या दिवशी स्वतः पाहा. नाहीतर इन्स्पेक्टर गाडीला हातही लावत नाही आणि तारीख जाते.

वर्ग चढला की कार्डावर दोन मुदती दिसतील, एक NT म्हणजे खाजगी वाहनांची, एक TR म्हणजे ट्रान्सपोर्टची. मोटारसायकल-कारची मुदत लांब, ट्रान्सपोर्टची फक्त पाच वर्षं. TR संपल्यावर NT चालू असलं तरी टिप्पर चालवायचा नाही. नूतनीकरणाला एक वर्षापेक्षा जास्त उशीर झाला तर परत टेस्ट लागते.