तीन गोष्टी विचारल्या, एकच कळली: सपोर्टमधल्या या चुका टाळा

ग्राहकाचं तिकीट येतं, 'रिपोर्ट डाउनलोड होत नाही.' तुम्ही विचारता, कोणता रिपोर्ट, कोणत्या तारखांचा, आणि डाउनलोड दाबल्यावर स्क्रीनवर काय दिसतं? उत्तर येतं, 'विक्रीचा.' बास, एवढंच.

इथे सर्रास होणारी चूक म्हणजे तेच तीन प्रश्न जसेच्या तसे पुन्हा पाठवणं, वर 'कृपया संपूर्ण माहिती द्यावी' हे वाक्य जोडून. ज्याने एक उत्तर दिलंय त्याला वाटतं, आपलं उत्तर कुणी वाचलंच नाही. पुढचं उत्तर मग आणखी त्रोटक येतं, किंवा येतच नाही. तिकीट 'ग्राहकाच्या उत्तराची प्रतीक्षा' या खान्यात पडून राहतं आणि काही दिवसांनी सिस्टीम ते आपोआप बंद करते. आकडेवारीत ते सुटलेलं दिसतं, रिपोर्ट मात्र अजून डाउनलोड होत नसतो.

पुन्हा विचारण्याआधी, मिळालेल्या एका उत्तराने काय काय उघडतं ते पाहा. 'विक्रीचा' हे कळल्यावर सर्व्हरच्या लॉगमध्ये त्या ग्राहकाच्या खात्यावरून आलेल्या विक्री रिपोर्टच्या विनंत्या शोधता येतात. समजा, अशी ओळ सापडली:

```
GET /reports/sales?from=2024-01-01&to=2024-12-31 504 60.002
```

तारखा इथेच आहेत, पूर्ण वर्षाच्या. 504 म्हणजे मधल्या सर्व्हरने 60 सेकंद वाट पाहिली, मागून रिपोर्ट आला नाही आणि त्याने विनंती सोडून दिली. राहिलेले दोन्ही प्रश्न ग्राहकाला न विचारताच बरेचसे सुटले. आता लिहायचं ते एवढंच: 'विक्रीचा रिपोर्ट कळवल्याबद्दल आभार. आमच्याकडच्या नोंदीत तुम्ही पूर्ण 2024 सालचा रिपोर्ट मागवलेला दिसतो आणि तो तयार व्हायला जास्त वेळ लागल्याने तुटतो आहे. तूर्त तीन-तीन महिन्यांचा काढून बघा. तुमची अडचण दुसऱ्या तारखांबद्दल असेल तर त्या तारखा कळवा.' शेवटचं वाक्य गाळू नका. तारखांचा आपला अंदाज चुकला असेल तर तो ग्राहकाला दिसला पाहिजे, म्हणजे तो लगेच दुरुस्त करेल.

उलट, लॉगमध्ये काहीच सापडलं नाही तर? मग विनंती बहुधा सर्व्हरपर्यंत पोचलीच नाही. पॉप-अप अडवला गेला असेल, किंवा बटण दाबूनही ब्राउझरने काही पाठवलं नसेल. अशा वेळी तारखांचा प्रश्न निरुपयोगी होतो आणि 'स्क्रीनवर काय दिसतं' हा एकच खरा प्रश्न उरतो. तेवढाच विचारा, आणि उत्तर देणं सोपं करा: 'डाउनलोड दाबल्यावर काहीच होत नाही, चक्र फिरत राहतं, की काही संदेश येतो? संदेश आला तर स्क्रीनशॉट पाठवा.'

एकच उत्तर का आलं, याचाही थोडा विचार करावा. पहिल्याच प्रश्नाचं उत्तर आलं असेल तर बाकीचे बहुधा मोबाइलवर घाईघाईत वाचताना निसटले. तिन्ही प्रश्न एका परिच्छेदात कोंबले होते का, ते आपल्याच मेलमध्ये पाहा. पण पहिला सोडून मधल्याचंच उत्तर आलं असेल, तर बाकीची उत्तरं ग्राहकाला ठाऊक नसण्याची शक्यता जास्त. 'माहीत नाही' असं लिहायला लोक संकोचतात, ते तो प्रश्न गाळतात. अशांना तोच प्रश्न मोठ्या अक्षरात विचारून काही होत नाही. उत्तर कुठे सापडेल ते सांगा. कोणत्या मेनूत, कोणत्या कोपऱ्यात.

अर्धवट उत्तर पूर्ण समजून पुढे जाणं ही याच्या अगदी उलट चूक. तारखांच्या जागी ग्राहकाने 'मार्च' लिहिलं, तर कोणत्या वर्षाचा? रिपोर्ट काढून द्यायचा असेल तर सरळ नुकत्याच सरलेल्या मार्चचा काढा आणि तसं लिहा. चुकला तर दुसरा काढता येतो. पण हाच ग्राहक 'दोनदा पडलेली नोंद काढून टाका' म्हणत असेल आणि बिलावरचं नाव, तारीख, रक्कम यांपैकी फक्त नाव आलं असेल, तर त्या नावाची एकच जोडी दिसते म्हणून हात घालू नका. ती खरोखर दोन वेगळी बिलं असू शकतात. नोंद पुसणं, पैसे परत करणं, पासवर्ड बदलून देणं, यांत एकही रकाना अंदाजाने भरायचा नाही. सापडलेल्या दोन्ही नोंदी तारीख-रकमेसह समोर ठेवा आणि 'यातली कोणती?' असं विचारा. आठवून लिहिण्यापेक्षा पाहून निवडणं माणसाला सोपं जातं.

दुसऱ्या फेरीतही अर्धंच आलं तर तिसरा मेल लिहू नका, फोन करा. आणि पाळी संपताना तिकिटाच्या अंतर्गत टिपेत तीन ओळी ठेवा: काय मिळालं, काय गृहीत धरलं, काय बाकी आहे. टीप नसली तर पुढच्या पाळीचा सहकारी तेच तीन प्रश्न पहिल्यापासून विचारतो.