ईआरपी निवडताना: उत्तरं उघडण्याआधी गुणपत्रक बंद करा

मागच्या वेळी ईआरपी, म्हणजे खरेदी, स्टोअर, उत्पादन आणि हिशेब एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर, निवडताना आमच्याकडे समिती होती, गरजांची यादी होती, व्हेंडरांची लेखी उत्तरं होती, गुणही रीतसर दिले होते. तरी निवड चुकली. कोणत्या विभागाला किती भारांश, म्हणजे एकूण गुणांतला किती वाटा, आणि कोणत्या उत्तराला किती गुण, हे आम्ही उत्तरं वाचून झाल्यावर ठरवत बसलो. आता दुसऱ्यांदा हे काम हातात घेतलंय, म्हणून क्रमाने लिहून ठेवतो. बाकी काही राहिलं तर मागून सावरता येईल, पण गुणपत्रक आधी पक्कं करून बंद केलं नाही तर ते नंतर सावरता येत नाही.

समिती नेमणं, वेळापत्रक आखणं, मालकांची मंजुरी घेणं हे सगळे करतातच. फक्त समितीत स्टोअरमध्ये रोज माल मोजून घेणारा एक माणूस हवा. त्याच्या साहेबांना घेऊन भागत नाही.

गरजा लिहायला बसताना कुठल्याही व्हेंडरचं माहितीपत्रक समोर ठेवू नका. ते पाहून लिहिलेली यादी त्याच्याच मापाची होते आणि मग बाकीचे उगाच कमी पडतात. नेटवर मिळणाऱ्या हजार ओळींच्या तयार याद्याही नकोत. ‘सिस्टिममध्ये खरेदी ऑर्डर करता यावी’ असल्या ओळींना सगळेच ‘हो’ म्हणतात. सगळ्यांचं उत्तर सारखं येणार असेल तर ती ओळ निवडीच्या कामाची नाही, ती काढून टाका. आपलं काम जिथे इतरांपेक्षा वेगळं आहे किंवा जिथे आज अडतं, तिथे मात्र सविस्तर लिहा.

आमचंच उदाहरण देतो. आम्ही तांब्याची तार किलोवर विकत घेतो आणि उत्पादनाला मीटरवर देतो. यादीत आम्ही लिहिलं होतं, ‘एककांचं रूपांतर करता यावं.’ तिन्ही व्हेंडरांनी ‘हो’ लिहिलं आणि तिघंही खरंच बोलत होते. पण प्रत्येक लॉटची जाडी किंचित वेगळी असते. २ मिलिमीटर जाडीची तार किलोला साधारण ३५.५ मीटर भरते, २.०२ मिलिमीटरची ३४.८. पाचशे किलोच्या लॉटमागे हा फरक ३५० मीटरचा पडतो. आम्ही घेतलेल्या सिस्टिममध्ये रूपांतराचा आकडा मालाच्या कोडवर बसत होता, लॉटवर नाही. एका कोडला एकच आकडा. त्यामुळे कागदावर तार शिल्लक दिसायची आणि रॅकवर नसायची. शेवटी स्टोअरवाल्यांनी वेगळी वही घातली.

तीच ओळ आता अशी लिहिलीय: ‘माल स्वीकारताना स्टोअरकीपर त्या लॉटचे किलो आणि मोजलेले मीटर दोन्ही नोंदवेल. पुढे त्या लॉटमधून मीटरमध्ये माल दिला की किलोतली शिल्लक त्याच लॉटच्या प्रमाणाने कमी व्हावी.’ कोण करतो, काय नोंदवतो आणि त्यानंतर काय घडायला हवं, हे तिन्ही ओळीत आलं पाहिजे. एका ओळीत एकच गरज ठेवा. दोन गरजा ‘आणि’ने जोडल्या की व्हेंडर अर्धी पुरी करून पूर्ण ‘हो’ लिहितो आणि आपल्याला ते कळतसुद्धा नाही. मालाचे कोड किती, रोजची बिलं किती, एका वेळी किती जण काम करणार, हे आकडे आजचे द्या आणि तीन वर्षांनंतरचा अंदाजही द्या. वाढत्या कंपनीने फक्त आजचे आकडे दिले तर किंमतही आजचीच येते.

‘अत्यावश्यक’चा शिक्का जपून मारा. प्रत्येक खात्याला आपली प्रत्येक ओळ अत्यावश्यक वाटते. ‘ही ओळ नसेल तर बाकी सगळं उत्तम असूनही हा व्हेंडर बाद करणार का?’ एवढंच विचारा. बहुतेक ओळींवर लोक मागे हटतात. आमच्या तिथे दहा उरल्या. या दहांना गुण नसतात, पास किंवा नापास एवढंच असतं.

आता गुणपत्रक. इथे घाई करू नका.

‘हो’ आणि ‘नाही’ एवढीच उत्तरं मागितली तर सगळेच व्हेंडर नव्वदीच्या घरात जातात आणि निवड किमतीवर येऊन ठेपते. त्यामुळे व्हेंडरने गरज कशी पुरी करणार ते सांगायचं, आणि त्याचे पर्याय आपण ठरवून द्यायचे. आमचे असे आहेत: मूळ सिस्टिममध्ये आहे तसंच चालतं, ५ गुण. सेटिंग बदलून होतं, ४. वेगळं प्रोग्रॅमिंग करावं लागेल, २. दुसऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर जोडावं लागेल किंवा पुढच्या आवृत्तीत येणार आहे, १. होत नाही, ०. चारनंतर एकदम दोन आहेत ते मुद्दाम. प्रोग्रॅमिंग करून घेतलेली गोष्ट प्रत्येक नव्या आवृत्तीच्या वेळी पुन्हा तपासावी लागते, कधी पुन्हा लिहावी लागते, आणि तो खर्च पहिल्या कोटेशनमध्ये दिसत नाही. प्रत्येक उत्तरासोबत ते कोणत्या स्क्रीनवर आणि कसं होतं, याच्या दोन ओळी मागा. ते रिकामं असेल तर गुण शून्य, आणि हा नियम व्हेंडरांना आधीच कळवा.

मग भारांश. तो ओळींना न देता विभागाला द्या. हिशेब खात्याने १२० ओळी दिल्या आणि स्टोअरने ४०, म्हणून सरळ बेरीज केली तर हिशेबाचं वजन आपोआप तिप्पट होतं, आणि ते कुणीच ठरवलेलं नसतं. आधी १०० गुण विभागांत वाटा, मग विभागाच्या आत ओळींची टक्केवारी काढा.

आणि हे सगळं उत्तरं उघडण्याआधी. आमचं काय झालं ते आकड्यांत सांगतो. स्टोअरला ३० आणि हिशेबाला २० असं तोंडी ठरलं होतं, लिहिलं नव्हतं. पहिल्या व्हेंडरला स्टोअरमध्ये ६० टक्के आणि हिशेबात ९० टक्के मिळाले, म्हणजे १८ अधिक १८, एकूण ३६. दुसऱ्याला ८५ आणि ७० टक्के, म्हणजे २५.५ अधिक १४, एकूण ३९.५. बाकी विभागांत दोघं बरोबरीत होते, तेव्हा दुसरा पुढे होता. पण पहिल्याचा हिशेबाचा डेमो फार देखणा झाला होता. बैठकीत कुणीतरी म्हणालं, हिशेब हाच कंपनीचा कणा आहे, त्याला ३० हवेत आणि स्टोअरला २० पुरे. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. पहिला झाला १२ अधिक २७, म्हणजे ३९. दुसरा १७ अधिक २१, म्हणजे ३८. एक्सेलमधले दोन आकडे बदलले आणि निकाल फिरला. कुणाच्या मनात खोट नव्हती. ज्याची सिस्टिम आवडली त्याच्या जमेच्या बाजू अचानक महत्त्वाच्या वाटू लागतात, इतकंच. तार स्टोअरमध्ये होती, आणि स्टोअरचेच १० गुण आम्ही काढून घेतले.

म्हणून भारांश, गुणांचे पर्याय, अत्यावश्यक ओळी आणि किमतीचं सूत्र एका पानावर लिहा, समितीच्या सह्या घ्या, तारीख टाका आणि फाईल लॉक करा. पहिलं उत्तर त्यानंतरच उघडा. उत्तरं वाचताना एखादा भारांश खरोखरच चुकलेला वाटला तरी हात लावू नका. आकडे तसेच राहू द्या, आक्षेप वेगळा लिहून निकालासोबत मालकांसमोर ठेवा. एकदा हात लावलात की दुसराही लागतो.

किमतीचा लिफाफा वेगळा मागवा आणि बाकीचे गुण पूर्ण होईपर्यंत गुण देणाऱ्यांना तो दाखवू नका. स्वस्त आहे हे कळलं की प्रोग्रॅमिंगच्या उत्तरालाही चार द्यावेसे वाटतात. किंमत म्हणजे पाच वर्षांचा एकूण खर्च: लायसन्स किंवा वर्गणी, बसवणं, प्रोग्रॅमिंग, जुना डेटा आणणं, प्रशिक्षण, वार्षिक देखभाल. सूत्र साधं ठेवा: सर्वांत कमी खर्च भागिले या व्हेंडरचा खर्च, गुणिले किमतीचे गुण. किमतीला ३० गुण असतील आणि खर्च १०० आणि १२० असतील तर ३० आणि २५ मिळतात. यात एक खोच आहे. अत्यावश्यक ओळींत बाद झालेला एखादा अतिस्वस्त व्हेंडर हिशेबात राहिला तर तो बाकीच्यांमधलं अंतर बदलतो. आधी बाद करा, मग सूत्र लावा. आणि हे सूत्रही त्या सही केलेल्या पानावर असलं पाहिजे. नंतर सुचलेलं सूत्र कुणाच्या तरी सोयीचं असतंच.

गुण प्रत्येकाने एकट्याने द्यावेत, शेजारी कारणाची एक ओळ लिहून. मग एकत्र बसा. जिथे दोघांत दोन किंवा जास्त गुणांचा फरक असेल तेवढ्याच ओळींवर बोला. अशा वेळी सरासरी काढून पुढे जाऊ नका. एकाने ४ आणि दुसऱ्याने १ दिला असेल तर बहुधा एकाने उत्तर नीट वाचलेलं नसतं, किंवा उत्तरच संदिग्ध असतं. संदिग्ध असेल तर व्हेंडरला लेखी विचारा. एका व्हेंडरने आपल्याला काही विचारलं तर तो प्रश्न आणि आपलं उत्तर सगळ्यांना पाठवा, नाव न घालता. मुदत वाढवली तर सगळ्यांनाच वाढवा.

डेमोची पटकथा आपली, डेटाही आपला. आम्ही आता दोन लॉट देणार आहोत, किलोला ३५.५ आणि ३४.८ मीटर भरणारे, एकाच कोडचे, सारख्याच किलोंचे. दोन्हींतून हजार-हजार मीटर माल देऊन प्रत्येकाची उरलेली किलो शिल्लक दाखवायला सांगणार. आकडे वेगळे आले तर उत्तर खरं. ‘हे आपण नंतर करून देऊ’ असं ऐकू आलं की त्या ओळीचे गुण २ वर आणा. हेही पानावर आधीच लिहिलेलं हवं, नाहीतर तिथे वाद होतो.

पुढचं थोडक्यात. आधीच्या ग्राहकांना फोन करा, आपल्या आकाराच्याच, आणि निदान एक तरी व्हेंडरने सुचवलेला नसावा. प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसांची नावं विचारा. व्हेंडरची लेखी उत्तरं करारनाम्याला परिशिष्ट म्हणून जोडा, नाहीतर त्या ‘हो’ला काही अर्थ राहत नाही. हरलेल्यांना कारण कळवा. आणि गुणपत्रकावरची तारीख पहिलं उत्तर उघडल्याच्या तारखेच्या आधीची आहे ना, ते आजच बघा.