टच बंद पडलेल्या फोनमधला डेटा माउसने काढताना या चुका टाळा

फोन पडला, काच तडकली, चित्र अगदी स्वच्छ दिसते आहे, पण बोट कितीही फिरवले तरी काही हलत नाही. अशा वेळी सहसा फक्त टचचा थर किंवा त्याची पट्टी निकामी झालेली असते. चित्र दाखवणारा थर, मेमरी आणि फोनची बाकीची यंत्रणा शाबूत असते. बोटाऐवजी माउसची आज्ञा घ्यायला अँड्रॉइड फोन तयारच असतो. ओटीजी अडॅप्टर, म्हणजे फोनच्या चार्जिंग पोर्टला माउस जोडू देणारा तुकडा, लावून माउस जोडला की पडद्यावर बाण येतो आणि डेटा बाहेर काढता येतो. मात्र या साध्या कामात काही चुका वारंवार होतात, आणि त्यातल्या काही डेटा अडकवून ठेवतात.

फोन बंद करून पुन्हा चालू करणे

टच चालेना म्हटल्यावर पहिला हात पॉवर बटनाकडे जातो. रीस्टार्टने तुटलेला टच जुळत नाही. उलट काम अवघड होते. आजच्या अँड्रॉइड फोनमध्ये तुमच्या फायली एन्क्रिप्ट केलेल्या असतात आणि फोन सुरू झाल्यावर पहिल्यांदा पिन, पॅटर्न किंवा पासवर्ड दिल्याशिवाय त्या उघडत नाहीत. त्या पहिल्या वेळी फिंगरप्रिंट चालत नाही. म्हणजे बाजूच्या बटनावर किंवा मागच्या बाजूला फिंगरप्रिंट असलेला जो फोन आत्ता नुसत्या बोटाने उघडला असता, तो रीस्टार्टनंतर पिन मागत बसतो. पिन आठवत असेल तर माउसने तो देता येईल. पण माउसच जोडता आला नाही, तर हातातला सोपा मार्गही गेलेला असतो. म्हणून फोन चालू ठेवा आणि बॅटरी संपू देऊ नका.

याच्या उलट त्रास म्हणजे पडदा आपोआप टच घेणे. आकडे आपोआप दाबले जातात, चुकीचे पिन जातात, फोन आधी 30 सेकंद आणि मग वाढत्या वेळेसाठी कुलूपबंद होतो. ठरावीक चुकीच्या प्रयत्नांनंतर सगळा डेटा पुसणारी सोय काही फोनमध्ये असते आणि ती चालू असेल तर धोका खरा आहे. असे दिसताच पॉवर बटन एकदा दाबून पडदा झोपवा आणि माउस हातात आल्यावरच तो जागा करा. तडकलेल्या काचेवर पारदर्शक चिकटपट्टी लावा, म्हणजे कपच्या बोटात जाणार नाहीत. ओएलईडी पडद्यावर काळा किंवा जांभळा डाग वाढत चालला असेल, तर काम त्याच दिवशी उरका. चित्र गेल्यावर नुसत्या माउसचा उपयोग नाही.

दिसेल तो अडॅप्टर घेणे

दुकानात मिळणारा प्रत्येक छोटा कनेक्टर ओटीजी नसतो. मायक्रो यूएसबीचे टाइप-सी करणारा तुकडा चार्जिंगसाठी असतो. तुम्हाला हवा तो अडॅप्टर एका बाजूला फोनमध्ये शिरतो आणि दुसऱ्या बाजूला माउसची चपटी यूएसबी पिन घेतो. जुन्या मायक्रो यूएसबीच्या ओटीजीमध्ये चौथी पिन आतून ग्राउंडला जोडलेली असते. त्यावरूनच फोनला कळते की आता वीज आणि आज्ञा देणारा यजमान तो स्वतः आहे. ती जोडणी नसलेला अडॅप्टर तंतोतंत तसाच दिसतो, पण काहीच करत नाही.

माउस साधा, वायरचा, ऑप्टिकल घ्या. त्याचा फायदा म्हणजे त्याच्या पोटाखालचा लाल दिवा. अडॅप्टर लावल्यावर दिवा पेटला तर फोन माउसला वीज देतो आहे, म्हणजे ओटीजी सुरू आहे. दिवा पेटूनही बाण दिसत नसेल तर पडदा जागा आहे का पाहा, माउस थोडा हलवा, मग दुसरा माउस लावून बघा. दिवाच पेटत नसेल तर अडॅप्टर चुकीचा आहे, पोर्टमध्ये कचरा आहे किंवा फोनने ओटीजी बंद ठेवले आहे. वायरलेस माउसचा डोंगलही चालतो, पण दोष कुठे आहे हे तो सांगत नाही.

फोनने ओटीजी बंद ठेवणे ही अनेकांची कोंडी होते. ओप्पो, रियलमी, वनप्लस आणि विवोच्या बऱ्याच फोनमध्ये सेटिंगमध्ये जाऊन OTG सुरू करावे लागते, आणि काहींत 10 मिनिटे वापर नसेल तर ते आपोआप बंद होते. टचचा काही भाग जिवंत असेल आणि ऑटो रोटेट चालू असेल, तर फोन आडवा धरा, म्हणजे हवे ते बटन चालणाऱ्या भागात येऊ शकते. टच पूर्ण गेला असेल तर अडॅप्टर बाजूला ठेवा. फोन साध्या डेटा केबलने कॉम्प्युटरला जोडा आणि scrcpy हा मोफत प्रोग्रॅम (आवृत्ती 1.24 किंवा नंतरची) असा चालवा:

```
scrcpy --otg
```

यात कॉम्प्युटरचाच माउस आणि कीबोर्ड फोनला जोडला जातो. त्यासाठी यूएसबी डीबगिंग आधीपासून चालू असण्याची गरज नाही. फोनचे चित्र कॉम्प्युटरवर येत नाही, पण ते फोनवर दिसतच आहे. माउस पुन्हा कॉम्प्युटरकडे घ्यायला डावी Alt दाबा.

कुलूप उघडले की लगेच माउस काढून केबल लावणे

बहुतेक जण अडकतात ते इथे. माउसने फोन उघडतो, मग माउस काढून केबलने फोन कॉम्प्युटरला जोडला जातो आणि कॉम्प्युटरवर फोल्डर रिकामे दिसते. कारण फोन केबल लागताच फक्त चार्जिंगच्या स्थितीत जातो आणि फायली द्यायच्या का हे पडद्यावर विचारतो. त्याला हो म्हणायला माउस हवा, आणि पोर्ट तर केबलने अडवलेला.

सर्वात सरळ उपाय म्हणजे कॉम्प्युटर वगळणे. चार्जिंगचे भोक आणि दोन-तीन यूएसबी पोर्ट असलेला टाइप-सी हब घ्या. त्यात चार्जर, माउस आणि पेनड्राइव्ह एकदम लागतात. नुसत्या अडॅप्टरवर माउस फोनची बॅटरी खातो आणि त्याच वेळी चार्जिंगची वाट बंद असते. हबमुळे तीही अडचण सुटते. चार्जर आधी हबला लावा, मग हब फोनला. कॉपी चालू असताना चार्जर काढू-घालू नका, कारण वीज कुठून येते हे बदलताना काही हब क्षणभर सगळी जोडणी तोडतात आणि फाइल अर्धवट राहते.

कॉम्प्युटरच वापरायचा असेल तर माउस जोडलेला असतानाच तयारी करा. About phone मध्ये Build number वर सात वेळा क्लिक केले की Developer options उघडते. तिथे Default USB configuration मध्ये File transfer निवडा. यानंतर केबल लावल्यावर फोन विचारत बसत नाही, फक्त त्या क्षणी तो अनलॉक असायला हवा. म्हणून Stay awake चालू करा आणि स्क्रीन टाइमआउट जास्तीत जास्त ठेवा. फिंगरप्रिंटने उघडणारा फोन असेल तर एवढे पुरते.

अँड्रॉइड 11 किंवा नंतरच्या फोनवर वायफायचा मार्गही आहे. फोन आणि कॉम्प्युटर एकाच वायफायवर ठेवा, Developer options मधले Wireless debugging उघडा आणि Pair device with pairing code वर क्लिक करा. मग कॉम्प्युटरवर खालच्या तीन आज्ञा द्या. पहिल्या ओळीत फोनवर उघडलेल्या छोट्या खिडकीतला पत्ता आणि पोर्ट क्रमांक टाका आणि विचारल्यावर तिथलाच कोड द्या, दुसऱ्या ओळीत Wireless debugging च्या मुख्य पानावरचा पत्ता आणि पोर्ट क्रमांक टाका. हे दोन पोर्ट क्रमांक वेगळे असतात, आणि नेमका इथेच घोळ होतो. खिडकी बंद केली तर कोडही बाद होतो.

```
adb pair 192.168.1.5:37123
adb connect 192.168.1.5:41235
scrcpy
```

आता फोनचा पडदा कॉम्प्युटरवर येतो आणि फोनचा पोर्ट चार्जरसाठी मोकळा होतो.

फोटोंपासून सुरुवात करणे

समजा फोन टाइप-सी आहे, फिंगरप्रिंट बाजूच्या बटनावर आहे, 38 जीबी फोटो-व्हिडिओ आहेत आणि हातात 64 जीबीचा पेनड्राइव्ह आहे. बोटाने कुलूप उघडा. माउसचे डावे बटन म्हणजे बोट. ते दाबून धरून ओढले की स्वाइप होते, चाकाने पान सरकते, आणि बहुतेक फोनवर उजव्या बटनाने मागे जाता येते. पिन किंवा पॅटर्न असेल तर आधी डावे बटन दाबून खालून वर ओढा. पॅटर्नही बटन न सोडता काढता येतो.

पहिले काम व्हॉट्सअ‍ॅपचे. Settings, Chats, Chat backup मध्ये जाऊन बॅकअप घ्या आणि Last backup समोर आजची वेळ उमटेपर्यंत थांबा. हे पूर्ण व्हायच्या आत तोच नंबर नव्या फोनमधल्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणे ही महागडी चूक आहे: जुन्या फोनवरचे खाते लगेच बाहेर पडते आणि तिथून नवा बॅकअप घेता येत नाही. बॅकअप एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असेल तर त्याचा पासवर्ड किंवा 64 अक्षरी की हाताशी आहे ना ते आत्ताच तपासा. सिमकार्डही तोवर जुन्याच फोनमध्ये असू द्या, खात्यांचे ओटीपी तिथेच येणार आहेत. मग ऑथेंटिकेटर, म्हणजे लॉगिनचे कोड देणारे अ‍ॅप, यातली खाती क्यूआर कोडने नव्या फोनवर न्या आणि फोनमध्येच साठवलेले संपर्क .vcf फाइल करून काढा.

आता फाइल मॅनेजरमधून DCIM, Pictures, Download आणि Android/media/com.whatsapp ही फोल्डरे पेनड्राइव्हवर टाका. सेकंदाला 15 एमबी लिहिणाऱ्या पेनड्राइव्हला 38 जीबीसाठी पाऊण तासाच्या आसपास लागतो. पेनड्राइव्ह एफएटी32 असेल तर 4 जीबीपेक्षा मोठा व्हिडिओ त्यावर जात नाही, आणि एनटीएफएस असेल तर बरेच फोन तो वाचतच नाहीत. एक्सएफएटी बऱ्याच नव्या फोनवर चालतो. आधी एक छोटी फाइल टाकून खात्री करा. शेवटी दोन्हीकडच्या फोल्डरची फाइलसंख्या आणि आकार जुळवा, Eject करा आणि सर्वात मोठा व्हिडिओ दुसऱ्या यंत्रावर शेवटपर्यंत चालवून बघा.

दुकानात फोन तसाच देणे

फोल्डर, म्हणजे डिस्प्ले आणि टचचा जोड, बदलायला डेटा पुसावा लागत नाही. रीसेट करावे लागेल असे कोणी म्हटले तर कारण विचारा. माउसने काम जमलेच नाही तर नवा फोल्डर लावून मग बॅकअप घेणे हाच पुढचा मार्ग आहे, आणि तेव्हा पिन माहीत असणे पुरेसे असते. बॅकअप झालेला असेल तर फोन देण्याआधी USB debugging आणि Wireless debugging बंद करा, Default USB configuration पुन्हा No data transfer वर न्या, Stay awake बंद करा आणि सिम, मेमरी कार्ड काढून घ्या.