या चुका टाळा: 'पर माय लास्ट ईमेल' म्हणजे 'मागील पत्रास अनुसरून' नव्हे

अंधेरीतल्या एका फ्रेट फॉरवर्डिंग ऑफिसात मी सतरा वर्षं निर्यातीची कागदपत्रं बघतेय. नवीन आलेली मुलं बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनी मालासाठी देते ती पावती, दोन-तीन महिन्यांत शिकतात. परदेशी क्लायंटचा मेल नीट वाचायला मात्र त्यांना वर्ष लागतं, कारण इंग्रजी आपल्याला येतं अशी त्यांची खात्री असते. शब्द कळतात, पण ते लिहिणारा माणूस वैतागलाय की टाळतोय, हे कळत नाही. सगळ्यात जास्त नुकसान मी दोनच वाक्प्रयोगांमुळे झालेलं पाहिलंय, म्हणून त्यांच्याबद्दल सविस्तर लिहिते.

पहिला 'पर माय लास्ट ईमेल'.

आपण मराठी माणसं हा सहज वापरतो, त्याला कारण आहे. आपली सरकारी आणि ऑफिसची पत्रं सुरूच होतात 'उपरोक्त विषयास अनुसरून' किंवा 'संदर्भ: आपले दिनांक अमुकचे पत्र' असं लिहून. मागच्या पत्राचा उल्लेख करणं ही आपल्याकडे रीत आहे, त्यात राग नसतो. फाइल लावणाऱ्या माणसाची त्यानं सोयच होते. त्याच सवयीनं आपण 'अ‍ॅज पर माय लास्ट ईमेल' लिहितो. लंडन किंवा न्यूयॉर्कमध्ये बसलेला माणूस मात्र त्याचा अर्थ घेतो, 'हे मी तुम्हाला आधीच सांगितलंय, तुम्ही वाचलेलं नाही.' आणि तो स्वतः हे लिहितो तेव्हाही बहुतेक वेळा त्याला हेच म्हणायचं असतं.

काही वर्षांपूर्वी भिवंडीच्या एका निर्यातदाराचा चादरींचा कंटेनर न्हावा शेवाहून इंग्लंडला फेलिक्सस्टोला जायचा होता. बिल ऑफ लेडिंगचा ड्राफ्ट आम्ही तिकडच्या खरेदीदाराला मंजुरीसाठी पाठवला. त्यांच्याकडच्या बाई फार शांत, नेमकं लिहिणाऱ्या. त्यांचं उत्तर आलं: 'थँक्स, कमेंट्स बिलो.' खाली आमच्याच मेलच्या मजकुरात, आमच्या ओळींच्या मधे, त्यांनी तीन दुरुस्त्या लिहिल्या होत्या. तिसरी सर्वांत महत्त्वाची होती. 'नोटिफाय पार्टी' म्हणून खरेदीदाराचं नाव काढून त्यांच्या कस्टम्स एजंटचं नाव टाकायचं होतं. माल बंदराला लागतोय ही सूचना जहाज कंपनी नोटिफाय पार्टीलाच देते. ती भलतीकडे गेली तर कंटेनर सोडवायला उशीर होतो, फुकटचे दिवस संपतात आणि बंदरात भाडं चढायला लागतं.

आमच्याकडच्या मुलानं तो मेल लोकलमध्ये फोनवर वाचला. फोनवर जुना मजकूर तीन टिंबांमागे दडलेला असतो. त्याला फक्त वरची ओळ दिसली. टिंबांवर बोट न ठेवता त्यानं उतरायच्या आत 'जंटल रिमाइंडर, अवेटिंग युअर अप्रूव्हल' असं पाठवूनही दिलं.

बाईंचं उत्तर आलं: 'पर माय लास्ट ईमेल, कमेंट्स आर इनलाइन. हॅपी टू जंप ऑन अ कॉल.' सीसीमध्ये पहिल्यांदाच त्यांचे साहेब होते. वर नेहमीचं 'हाय' नव्हतं, नुसतं नाव आणि स्वल्पविराम. खाली 'बेस्ट विशेस'च्या जागी 'रिगार्ड्स'. राग ओळखायच्या या तीनही खुणा एकाच मेलमध्ये होत्या. मुलगा मला म्हणाला, "मॅडम, त्या हॅपी आहेत, कॉलवर बोलू म्हणतायत." खरं तर 'हॅपी टू जंप ऑन अ कॉल' हे त्या जागी 'लिहून कळत नसेल तर तोंडी सांगते' असं होतं. मी त्या दिवशी दुसऱ्या शिपमेंटमध्ये अडकले होते आणि मूळ मेल उघडून पाहिला नाही. ही चूक माझीच.

मग त्यानं लिहिलं, 'अ‍ॅज पर माय लास्ट ईमेल, काइंडली अप्रूव्ह द ड्राफ्ट अ‍ॅट द अर्लिएस्ट.' म्हणजे ज्यांनी त्याला 'तू वाचलं नाहीस' असं सांगितलं, त्यांनाच त्यानं 'तुम्ही वाचलं नाहीत' असं उलट ऐकवलं. तो शुक्रवार होता आणि ऑगस्टचा शेवटचा सोमवार तिकडे सुट्टीचा असतो. तीन दिवस उत्तर नाही. न आलेल्या उत्तराला मुलानं मंजुरी समजून जुन्याच नोटिफाय पार्टीसह बिल काढायला सांगितलं. मंगळवारी बाईंनी मला थेट फोन केला. आवाज चढवला नाही, फक्त विचारलं, "माझा मेल तुमच्याकडे कोणी उघडतं का?"

मूळ बिलं एकदा निघाली की दुरुस्तीसाठी तिन्ही मूळ प्रती जहाज कंपनीला परत द्याव्या लागतात. त्यातल्या प्रती भिवंडीच्या निर्यातदारानं बँकेत भरल्या होत्या. त्या परत मिळवणं, दुरुस्तीचा आकार भरणं, निर्यातदाराला समजावणं यात आठवडा गेला. जहाज अजून वाटेत होतं म्हणून माल अडकला नाही.

तेव्हापासून माझ्या टीमला मी एक सवय लावलीय. 'पर माय लास्ट ईमेल' आला की फोन खाली ठेवायचा आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर त्या धाग्यातले मागचे तीन मेल पूर्ण उघडायचे, जुना मजकूर आणि अटॅचमेंटसकट. त्यात आपण उत्तर न दिलेला एखादा प्रश्न असतोच. उत्तराची पहिली ओळ त्या प्रश्नाचं उत्तर असली पाहिजे, उदाहरणार्थ 'नोटिफाय पार्टी बदलली आहे, सुधारित ड्राफ्ट जोडला आहे.' दुसऱ्या ओळीत, 'तुमच्या सोमवारच्या मेलमधली सूचना माझ्याकडून सुटली, माफ करा.' तिसरी ओळ लागत नाही. नेट गेलं होतं, लोकल उशिरा होती, हे त्यांना नको असतं.

आणि आपण स्वतः हा वाक्प्रयोग कधीच लिहायचा नाही. समोरच्यानं खरंच वाचलं नसेल, तर मुद्दा पुन्हा खाली टाकायचा: 'सोयीसाठी दोन्ही प्रश्न पुन्हा देत आहे.' एवढ्यानं काम होतं. नुकसानभरपाईचा दावा किंवा वाद सुरू असेल तर मात्र मागच्या मेलचा उल्लेख करावाच लागतो. तिथे तारीख घालायची, '12 तारखेच्या माझ्या मेलमध्ये' असं. तारखेनं नोंद होते आणि टोमणा लागत नाही.

दुसरा वाक्प्रयोग 'सर्कल बॅक'. याचे दोन अर्थ आहेत आणि ते एकमेकांच्या विरुद्ध दिशेचे आहेत, म्हणून गोंधळ होतो.

समोरचा 'लेट मी सर्कल बॅक' किंवा 'वी विल सर्कल बॅक ऑन धिस' म्हणतो, तेव्हा विषय आत्तापुरता बाजूला ठेवला गेला आहे. तो नकार असेलच असं नाही, पण होकार तर नक्कीच नाही. आपल्याकडे स्थळ पाहून गेलेली मंडळी 'कळवतो' म्हणतात, तसं हे आहे. खरंच घरी विचारायचं असतं, तेव्हाही 'कळवतो'च म्हणतात आणि नको असतं, तेव्हाही. फरक ओळखायचा तो वाक्याबरोबर दिवस आणि कारण आलंय का यावरून. 'फायनान्सशी बोलून गुरुवारी सर्कल बॅक करतो' असं असेल तर गुरुवारी विचारायला हरकत नाही. नुसतंच 'सर्कल बॅक' असेल, तर निर्णय बहुधा त्या माणसाच्या हातात नाही किंवा त्याला आपला दर पटलेला नाही.

आमच्याकडच्या एका मुलीनं अशाच एका उत्तरावर सलग चार दिवस रोज मेल केले. अमेरिकेच्या क्लायंटला दर पाठवला होता, त्यानं दिवस न सांगता 'सर्कल बॅक' म्हटलं होतं. पाचव्या दिवशी 'वी हॅव गॉन इन अ डिफरंट डायरेक्शन' असं आलं, म्हणजे काम दुसऱ्याला दिलं. रोज ढोसल्यामुळेच काम गेलं असं मी म्हणणार नाही. पण त्या चार मेलमध्ये एकही नवी गोष्ट नव्हती आणि निर्णयाला काय हवंय, हे तिनं विचारलंच नव्हतं. घाई असलेल्या मुलांना पाठपुरावा म्हणजे तेच पुन्हा पाठवणं वाटतं. असं उत्तर आलं की मी त्याच दिवशी एकदाच विचारते, 'हा दर 30 तारखेपर्यंत लागू आहे. ठरवण्यासाठी आणखी काही माहिती लागेल का?' मग आठवडाभर गप्प राहते.

मेलची सुरुवातच 'सर्कलिंग बॅक ऑन धिस' अशी असेल, तर चित्र उलटं होतं. आता तो आपली वाट पाहतोय आणि बहुतेक हे त्याचं दुसरं किंवा तिसरं स्मरण आहे. अमेरिकी लोक हे बरेचदा सवयीनं, न रागावता लिहितात, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण त्या दिवशी उत्तर गेलंच पाहिजे. माहिती तयार नसेल तर ती कधी मिळेल एवढं तरी लिहा.

बाकीच्या चुका थोडक्यात. 'रिव्हर्ट' म्हणजे आपल्याकडे उत्तर देणं, पण अमेरिकेत त्याचा अर्थ पूर्वस्थितीला जाणं असा घेतात, म्हणून सरळ 'रिप्लाय' लिहा. 'आय हॅव अ डाउट' वाचून त्यांना वाटतं तुम्हाला संशय आहे, तिथे 'क्वेश्चन' हवं. 'डू द नीडफुल' तिकडे जुनाट वाटतं. शिवाय त्यात काय करायचं तेच सांगितलेलं नसतं. 'गोइंग फॉरवर्ड' नं सुरू होणारं वाक्य म्हणजे बरेचदा 'हे पुन्हा करू नका'. 'टेबल' शब्दाला तर जपाच: ब्रिटिश माणूस विषय टेबल करतो म्हणजे चर्चेला घेतो, अमेरिकी माणूस टेबल करतो म्हणजे पुढे ढकलतो.

आणि 'ईओडी' म्हणजे 'एंड ऑफ डे' लिहिलं की कोणाचा दिवस ते विचारा. लंडनचे संध्याकाळचे साडेपाच म्हणजे उन्हाळ्यात आपले रात्रीचे दहा आणि हिवाळ्यात अकरा. न्यूयॉर्कचे साडेपाच म्हणजे उन्हाळ्यात आपल्या पहाटेचे तीन आणि हिवाळ्यात चार. मी मेलमध्ये नेहमी 'तुमच्या वेळेनुसार गुरुवार दुपारी तीनपर्यंत' असंच लिहिते.

त्या चादरीवाल्या बाई त्यानंतर चार महिने फक्त मलाच लिहायच्या, मुलाचं नाव सीसीतूनही काढलं होतं. जानेवारीत त्यानं त्यांच्या एका ड्राफ्टवरच्या पाचही सूचनांना त्यांच्याच क्रमानं एकेका ओळीत उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा मेल थेट त्याला आला आणि वर पुन्हा 'हाय' होतं.