तापात मुलांना अ‍ॅस्पिरिन का देऊ नये

फ्लूसारखा ताप किंवा कांजिण्या असताना मुलाला अ‍ॅस्पिरिन दिलं, तर क्वचित 'राय सिंड्रोम' हा जीवघेणा आजार होऊ शकतो. यात यकृताच्या पेशींचं काम बिघडतं, रक्तात अमोनिया साठतो आणि मेंदूला सूज येते. म्हणून सोळा वर्षांखालच्या मुलांना डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय अ‍ॅस्पिरिन नकोच. काही देशांत ही मर्यादा अठरापर्यंत आहे.

फसवणूक होते ती वेळेमुळे. समजा, सात वर्षांच्या मुलीचा ताप चार दिवसांत उतरला, ती खेळायलाही लागली. पाचव्या दिवशी अचानक उलट्या सुरू झाल्या, थांबेचनात. मग ती विनाकारण चिडू लागली, असंबद्ध बोलू लागली, हाक मारली तरी झोपेतून नीट उठेना. हे पोट बिघडल्याचं लक्षण समजून घरी थांबू नका. लगेच रुग्णालयात न्या आणि कोणती औषधं दिली ते आवर्जून सांगा.

सर्दीच्या किंवा पोटाच्या काही तयार औषधांतही अ‍ॅस्पिरिन किंवा त्याच्या कुळातला घटक लपलेला असतो. वेष्टनावर 'अ‍ॅसिटिलसॅलिसिलिक अ‍ॅसिड' किंवा 'सॅलिसिलेट' दिसलं की बाजूला ठेवा. तापाला पॅरासिटामॉल पुरतं, पण मात्रा वयावर नाही, वजनावर विचारून घ्या.

रक्तवाहिन्यांना सूज आणणाऱ्या कावासाकी आजारासारख्या कारणासाठी मूल आधीच अ‍ॅस्पिरिनवर असेल, तर ते परस्पर बंद करू नका. ताप येताच डॉक्टरांना फोन करा.