फ्लॅट विकताय? एजंटच्या आधी भाडेकरूला तुम्हीच सांगा

भाड्याने दिलेला फ्लॅट विकायला काढलात, की जाहिरात टाकण्याआधी भाडेकरूला स्वतः फोन करा. एजंट गिऱ्हाईक घेऊन दारात उभा राहिल्यावर त्यांना कळलं, तर पुढे सहकार्य मिळणं कठीणच. फोनपूर्वी लिव्ह अँड लायसन्स करार काढून लॉक-इन, नोटिशीची मुदत आणि घर दाखवण्याबद्दलचं कलम वाचा. लॉक-इन मार्चपर्यंत असेल, तर जानेवारीत घर रिकामं मागू नका. खरेदीदारालाही ताब्याची तारीख त्याच हिशेबाने सांगा.

बोलणं झालं की व्हॉट्सअॅपवर लेखी पाठवा:

"नमस्कार. आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे फ्लॅट विकायचा आहे. घर सोडायची वेळ आली तर करारात ठरलेली पूर्ण नोटीस देईन. डिपॉझिट परत करण्याची जबाबदारी माझी. घर बघायला लोक फक्त शनिवारी-रविवारी ११ ते १ या वेळेत येतील, आदल्या दिवशी कळवेन. ही वेळ तुम्हाला चालेल का?"

डिपॉझिटचं वाक्य गाळू नका, भाडेकरूला खरी धास्ती त्याचीच असते. खरेदीदार त्यांना पुढेही ठेवणार असेल, तर डिपॉझिट कोण परत करणार हे विक्रीच्या कागदपत्रांत लिहून घ्या आणि नव्या मालकाशी त्यांचा नवा करार नोंदवा.

एजंटकडे किल्ली देऊ नका. घरात त्यांचा संसार मांडलेला असतो, म्हणून फोटो काढण्याआधीही विचारा. सगळी गिऱ्हाईकं शक्यतो एकाच सकाळी लागोपाठ बोलवा. रोज संध्याकाळी बेल वाजू लागली की चांगला भाडेकरूही दार उघडायचं टाळतो.