जीएसटीसकटच्या रकमेतून मूळ किंमत काढताना या चुका टाळा

बिल ५,९०० रुपयांचं आहे आणि त्यात १८ टक्के जीएसटी धरलेला आहे. मूळ किंमत किती? बहुतेक जण कॅल्क्युलेटरवर ५९०० वजा १८ टक्के करतात आणि ४,८३८ लिहून मोकळे होतात. हे उत्तर चूक आहे. कर मूळ किमतीवर लागलेला असतो आणि आपण तो एकूण रकमेवरून काढतोय. ताळा घेऊन बघा: ४,८३८ वर १८ टक्के लावले की ५,७०८.८४ होतात, म्हणजे बिलाला १९१ रुपये कमीच पडतात.

मूळ किंमत १०० धरली तर बिल ११८ चं होतं. म्हणून एकूण रकमेला १०० ने गुणून ११८ ने भागायचं. मूळ किंमत ५,०००, कर ९००. एक्सेलमध्ये:

```
=A2*100/(100+B2)
```

इथे B2 मध्ये नुसता 18 हवा. तो सेल टक्केवारीच्या फॉरमॅटमध्ये असेल, तर एक्सेल त्याची किंमत 0.18 धरतं आणि उत्तर जवळजवळ बिलाएवढंच येतं. तेव्हा `=A2/(1+B2)` वापरा.

दुसरी चूक जाणत्यांकडूनही होते. सीजीएसटी ९ आणि एसजीएसटी ९, म्हणून आधी १.०९ ने भागायचं आणि आलेल्या उत्तराला पुन्हा १.०९ ने. त्यातून मूळ किंमत ४,९६५.९१ येते. दोन्ही कर एकाच मूळ किमतीवर लागतात, एकावर दुसरा चढत नाही. सीजीएसटी नियम ३५ मध्ये हेच सूत्र दिलंय: गुणायचं त्या एका कराच्या दराने, भागायचं मात्र १०० अधिक सगळ्या दरांच्या बेरजेने. ५,९०० × ९ ÷ ११८ = ४५०, दोन्हीकडे सारखेच.

खरी डोकेदुखी एकाच बिलात दोन दर आले की होते. समजा ३,२८० च्या बिलात २,१०० चा माल ५ टक्क्यांचा आणि १,१८० चा १८ टक्क्यांचा आहे. दरांची सरासरी साडेअकरा धरून भागलं, तर कर ३३८.३० येतो. ओळी वेगळ्या करून काढला तर १०० आणि १८०, म्हणजे २८०. बिलावर दरवार रकमा नसतील, तर नुसत्या एकूण आकड्यावरून हे कळणार नाही; दुकानदाराकडून तपशील मागून घ्या.

पैशांचा फरक दिसला तर घाबरू नका. ९९९ मधून १८ टक्के काढले की मूळ किंमत ८४६.६१ आणि दोन्ही कर ७६.१९ येतात. बेरीज ९९८.९९. तो एक पैसा राउंड ऑफच्या ओळीत टाका. बेरीज जुळवायला एकच कर ७६.२० करू नका, दोन्ही आकडे समान राहायला हवेत.

आणि भागाकार करण्याआधी बिलाचं नाव वाचा. कंपोझिशन योजनेतला दुकानदार ‘बिल ऑफ सप्लाय’ देतो. त्याला गिऱ्हाइकाकडून कर घेता येत नाही, त्यामुळे त्या रकमेतून काढण्यासारखा जीएसटीच नसतो.